एका ओळीचा अर्थ : महासाथीच्या एका तक्त्याचा इतिहास

३० जानेवारी २०२० रोजी केरळमधील त्रिशूर जिल्ह्यात भारतातील पहिल्या कोविड रुग्णाची नोंद झाली. २ आणि ३ फेब्रुवारीला अलप्पुळा आणि कासरगोड या जिल्ह्यांतून आणखी दोन रुग्णांची भर पडली. पुढे मार्च महिन्यात काही स्वयंसेवकांनी देशभरातील रुग्णांचा सामायिक तक्ता गुगल शीटवर मांडायला घेतला, तेव्हा या तिघांना १, २ आणि ३ हे क्रमांक मिळाले. एक रुग्ण म्हणजे एक ओळ, इतका साधा तो नियम होता. याच तक्त्यातून covid19india.org हे संकेतस्थळ उभे राहिले. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी या स्वयंसेवकांनी नोंदी घेणे थांबवले, त्या वेळी देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या ३ कोटी ४२ लाखांच्या पुढे गेली होती.

प्रस्तुत लेख साथीचा इतिहास सांगत नाही. तो या तक्त्याचा इतिहास सांगतो. विखुरलेले छापील तक्ते अनेक अनोळखी हातांनी एकाच ठिकाणी उतरवायचे असतील, तर काम कसे वाटायचे, सर्वांनी पाळायचे संकेत कोणते, कोणते काम झाले आणि कोणते राहिले याची नोंद कशी ठेवायची आणि उतरवलेले बरोबर आहे हे कशावरून मानायचे, हे चारही प्रश्न या प्रकल्पाला अत्यंत घाईच्या काळात सोडवावे लागले. त्या काळातील जिल्हावार आकड्यांवर आजही संशोधन होते. त्या आकड्यांचा अर्थ नीट लावायचा असेल, तर ते कसे लिहिले गेले हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

मूळ तक्ते कसे होते

केंद्रीय आरोग्य मंत्रालय आपल्या संकेतस्थळावर राज्यवार तक्ता देत असे. मार्च २०२० मध्ये त्यात भारतीय नागरिक, परदेशी नागरिक, बरे झालेले आणि मृत असे स्तंभ होते. परंतु त्यात दोन उणिवा होत्या. एक म्हणजे तो राज्याच्या पातळीवर थांबत असे. जिल्ह्यांचे आकडे त्यात नसत. दुसरी अधिक गंभीर होती : नवा तक्ता त्याच पानावर जुन्याची जागा घेत असे, त्यामुळे कालचा आकडा जतन करून ठेवायचा तर तो कोणीतरी कालच उतरवून घेतलेला असावा लागे.

जिल्ह्यांचे आकडे होते, पण ते राज्यांच्या दैनिक पत्रकांत. कर्नाटकाच्या पत्रकात रुग्णाचा क्रमांक, वय, लिंग आणि कोणत्या रुग्णाच्या संपर्कातून लागण झाली याचा तपशील असे. तमिळनाडूच्या पत्रकात जिल्ह्यांचा तक्ता आणि मृतांची स्वतंत्र टिपणे असत. महाराष्ट्राची प्रसिद्धीपत्रके मराठीतही निघत आणि त्यांतील रचना महानगरपालिकांनुसार असे. काही राज्ये केवळ तक्त्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकत. संगणकाला थेट वाचता येईल अशा रूपात यांतले फारच थोडे होते. डोळ्यांनी वाचून, किंवा चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने काढून मग डोळ्यांनी ताडून, ते शीटमध्ये उतरवणे हाच मार्ग होता.

त्या वेळी देशात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश होते. म्हणजे दररोज छत्तीस संभाव्य स्रोत, आणि त्यांच्या वेळा एकमेकींशी न जुळणाऱ्या. केरळचे मुख्यमंत्री संध्याकाळी सहाच्या सुमारास पत्रकार परिषदेत आकडे सांगत. ओडिशा आणि आंध्र प्रदेश सकाळी देत. राजस्थान बराच काळ सकाळी एकदा आणि रात्री पुन्हा एकदा पत्रक काढत असे. या वेळापत्रकामुळे काम राज्यवार वाटणे स्वाभाविक होते. रोज एकाच राज्याचे पत्रक वाचणाऱ्या माणसाला त्याची रचना पाठ होते. एखादी ओळ गळली किंवा स्तंभ सरकला तर ते त्याच्या लगेच ध्यानात येते. तीच व्यक्ती आज बिहार आणि उद्या गुजरात उतरवू लागली, तर हा सराव मोडतो.

पहिली पद्धत आणि तिचा अंत

आरंभीच्या तक्त्यात प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र ओळ होती. त्या ओळीत नोंद जाहीर झाल्याची तारीख, वयोगट, लिंग, शहर, जिल्हा, राज्य, सध्याची स्थिती, टिपण आणि संसर्ग कोणत्या रुग्णाकडून झाला असावा हे लिहिण्याची सोय होती. शेवटी Source_1, Source_2, Source_3 असे तीन स्तंभ होते. आकडा ज्या पत्रकातून किंवा बातमीतून आला, तिचा दुवा तेथे द्यायचा. रुग्णाचे नाव कुठेही लिहायचे नाही, हा दंडक होता.

पहिल्या काही आठवड्यांत या रचनेचा मोठा लाभ झाला. कोणाची लागण कोणाकडून झाली, याची साखळी रेखाटता येत होती. पण साथ वाढली तशी राज्यांची पत्रके बदलली. वय, लिंग आणि संपर्क हे तपशील गळू लागले आणि ‘अमुक जिल्हा, आज इतके नवे रुग्ण’ एवढेच उरले. पत्रकात ‘जिल्ह्यात ४३ रुग्ण’ एवढेच लिहिले असेल, तर शीटमध्ये रिकाम्या रकान्यांच्या ४३ ओळी भराव्या लागत. एखाद्या रुग्णाच्या मृत्यूची बातमी आली, तर तो या ४३ पैकी कोणता हे ठरवण्यास काहीच आधार नसे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात देशाची रुग्णसंख्या १७ हजारांवर पोहोचली, तेव्हा एका ओळीत एक रुग्ण हा नियम केवळ गैरसोयीचा नव्हे, तर दिशाभूल करणाराही ठरू लागला होता. मुळात नसलेली सूक्ष्मता तो दाखवत होता.

एप्रिल २०२० च्या अखेरीस स्वयंसेवकांनी रचना बदलली. raw_data1 आणि raw_data2 या फाइलींनंतर आलेल्या raw_data3 मध्ये Num Cases नावाचा स्तंभ अर्थपूर्ण झाला. आता एका ओळीचा अर्थ असा : या तारखेला, या राज्याने, या जिल्ह्यात, या स्थितीचे इतके रुग्ण जाहीर केले. तपशील उपलब्ध असेल तेथे एकेका रुग्णाची ओळ लिहिता येई, तेव्हा Num Cases मध्ये १ येई. तपशील नसेल तेथे ४३ येई. बरे झालेले आणि मृत यांची आधी वेगळी ठेवलेली नोंदही याच तक्त्यात आली. स्थितीच्या स्तंभात Hospitalized, Recovered, Deceased किंवा Migrated_Other यांपैकी एक शब्द लिहायचा.

या बदलाचा परिणाम आजच्या वाचकालाही भोगावा लागतो. पहिल्या दोन फाइलींत ओळी मोजल्या की रुग्ण मोजले जातात. तिसऱ्या फाइलीपासून पुढे ओळी मोजल्या तर उत्तर साफ चुकते. तेथे Num Cases ची बेरीज घ्यावी लागते. एकच तक्ता वरून सलग दिसतो, पण एप्रिलअखेरीस त्यातील ‘ओळ’ या शब्दाचा अर्थ पालटलेला आहे. रचना बदलताना नवी फाइल सुरू केल्यामुळे ही सीमारेषा आजही नजरेस पडते. जुन्याच शीटमध्ये नवे नियम लागू केले असते, तर ती पुसली गेली असती.

संकेत का लागतात

अनेक जण लिहीत असतील तेव्हा प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा असूनही एकूण तक्ता निरुपयोगी होऊ शकतो. याचे सर्वांत साधे उदाहरण जिल्ह्यांच्या नावांचे. औरंगाबाद नावाचा जिल्हा तेव्हा महाराष्ट्रात होता आणि बिहारमध्येही. बिलासपूर छत्तीसगडमध्ये आहे आणि हिमाचल प्रदेशातही. हमीरपूर हिमाचलात आणि उत्तर प्रदेशात. प्रतापगड उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात. केवळ जिल्ह्याचे नाव ही ओळख मानून बेरीज केली, तर दोन दूरच्या प्रदेशांचे रुग्ण एकत्र होतात. म्हणून जिल्ह्याच्या तक्त्यात राज्याचा दोन अक्षरी संकेत आणि नाव यांची जोडी असलेला District_Key हा स्तंभ दिसतो. त्याशिवाय रोमन लिपीतील वर्णलेखनाचा प्रश्न होताच. बीड हे Beed की Bid, गोंदिया हे Gondia की Gondiya, हे एकदाच ठरवून सर्वांनी पाळावे लागते.

याहून अवघड प्रश्न असतो तो स्रोत गप्प असतो तेव्हाचा. तेलंगण, आसाम, दिल्ली, गोवा यांसारख्या ठिकाणी जिल्हावार पूर्ण हिशेब मिळत नव्हता. एखाद्या उत्साही स्वयंसेवकाने वृत्तपत्रांतून जिल्हे शोधून निम्मे रुग्ण वाटून टाकले असते, तर जिल्ह्यांचे आकडे पूर्ण असल्याचा आभास निर्माण झाला असता. तक्त्यात त्याऐवजी Unknown हा ‘जिल्हा’ आहे. राज्य सांगता येत नसलेल्या रुग्णांसाठी State Unassigned ही वेगळी ओळ आहे. काही राज्यांत विमानतळावरील विलगीकरणातले रुग्ण किंवा परराज्यातील रुग्ण यांच्यासाठीही स्वतंत्र नावे आहेत. नकाशा रंगवू पाहणाऱ्याला ही नावे त्रासदायक वाटतात, परंतु माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही असे लिहिण्याची तीच प्रामाणिक जागा आहे.

महाराष्ट्राच्या पत्रकाने असाच एक प्रश्न उभा केला. त्यात कोविडबाधित असूनही इतर कारणांनी मृत्यू पावलेल्यांचा वेगळा स्तंभ होता. हे लोक बरे झालेले नाहीत, उपचाराधीन नाहीत आणि राज्याच्या मते कोविडने मृत्यू पावलेलेही नाहीत. त्यांना कोणत्याच रकान्यात टाकले नाही, तर हिशेब जुळत नाही. दुसऱ्या राज्यात निघून गेलेल्या रुग्णांचेही तेच. या दोन्ही गटांसाठी Migrated_Other ही चौथी स्थिती वापरली गेली आणि प्रत्येक राज्यासाठी, प्रत्येक दिवशी, पुढील समीकरण खरे ठरले पाहिजे अशी कसोटी हाती आली :

```
Confirmed = Active + Recovered + Deceased + Migrated_Other
```

संकेत आणि तपासणी यांचा संबंध येथे स्पष्ट होतो. चौथा रकाना नसता तर डावी आणि उजवी बाजू कायमच थोडी वेगळी राहिली असती, आणि तो फरक टंकलेखनाच्या चुकीमुळे आहे की व्याख्येमुळे, हे सांगता आले नसते. व्याख्या पूर्ण केल्यावरच उरलेला फरक चूक म्हणून ओळखता येतो.

कोणते काम झाले, कोणते राहिले

सामायिक तक्त्यात दोन विरुद्ध धोके असतात. एकच पत्रक दोघांनी भरले तर आकडा दुप्पट होतो. दुसरा भरेल असे दोघांनीही मानले तर तो शून्य राहतो. दुप्पट झालेला आकडा लवकर उघडकीस येतो, कारण आलेख एकदम उसळतो. शून्य मात्र फसवे असते. त्या राज्यात खरोखर नवे रुग्ण नाहीत, पत्रक आले नाही, की आलेले पत्रक कोणी भरले नाही, या तिन्ही परिस्थिती रिकाम्या रकान्यातून सारख्याच दिसतात. लक्षद्वीपमध्ये जानेवारी २०२१ पर्यंत एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. तेथील शून्य खरे होते. पण इतर राज्याच्या एखाद्या दिवसाचे शून्य तितके विश्वासार्ह मानता येत नाही.

म्हणून आकड्यांच्या तक्त्याशेजारी कामाच्या स्थितीचा वेगळा मागोवा लागतो. covid19india च्या राज्यवार तक्त्यात Last_Updated_Time आणि State_Notes हे दोन स्तंभ हे काम करत. पहिल्यात त्या राज्याची नोंद शेवटची केव्हा बदलली ती तारीख आणि वेळ. दुसऱ्यात त्या राज्याच्या आकड्यांचा अर्थ लावताना लागणारा खुलासा : अमुक दिवशी राज्याने जुने आकडे सुधारले, अमुक मृत्यू नंतर कोविडबाह्य ठरवले, असे. शिवाय संकेतस्थळावर अद्ययावत नोंदींची यादी सतत वाहत असे. कोणत्या राज्यात किती भर पडली, हे तीत वेळेसह दिसे. वाचकासाठी ती बातमी होती; काम करणाऱ्यांसाठी ‘हे पत्रक भरून झाले’ ही खूण होती.

राजस्थानसारख्या दोन पत्रकांच्या राज्यात ही खूण विशेष महत्त्वाची ठरते. रात्रीच्या आकड्यात सकाळचे रुग्ण धरलेले आहेत की ते केवळ नंतरचे आहेत, हे पत्रकावरून आधी ठरवावे लागते. सकाळची नोंद कोणत्या पत्रकातून केली हे शेजारी लिहिलेले नसेल, तर रात्री काम करणाऱ्याला किती वजा करायचे ते कळणार नाही.

एका पत्रकाची तपासणी

महाराष्ट्राचे प्रसिद्धीपत्रक पाहू. त्यात ठाणे मंडळाखाली मुंबई, ठाणे ग्रामीण, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, पालघर, वसई-विरार, रायगड आणि पनवेल अशा ओळी असत आणि शेवटी मंडळाची बेरीज असे. राष्ट्रीय तक्त्याला मात्र जिल्हे हवे होते. म्हणून ठाणे जिल्ह्यासाठी सात ओळी, पालघर आणि रायगडसाठी प्रत्येकी दोन ओळी एकत्र कराव्या लागत. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे स्वतंत्र मिळत नसल्याने ‘मुंबई’ असा एकच घटक ठेवला गेला.

समजा एके दिवशी ठाण्याच्या सात ओळींची बेरीज ४२० आली, पालघर आणि वसई-विरार मिळून ७०, रायगड ६०, पनवेल ८० आणि मुंबई ६००. मंडळाची बेरीज १,२३० झाली आणि ती पत्रकातील आकड्याशी जुळली. आता पनवेल ही नवी मुंबईला लागून असलेली महानगरपालिका आहे म्हणून कोणी ती ठाण्यात धरली असे समजा. ठाणे ५०० होईल, रायगड ६० वर राहील आणि मंडळाची बेरीज तरीही १,२३० च येईल. बेरीज जुळणे म्हणजे आकडे वाचताना चूक झाली नाही, एवढेच. ते योग्य जिल्ह्यात गेले की नाही, हे बेरीज सांगत नाही.

ही चूक पकडण्यासाठी वेगळ्या मार्गाने आलेला आकडा हवा. त्याच पत्रकात पुढे जिल्हावार एकूण बाधित, बरे झालेले, मृत, इतर कारणांनी मृत आणि उपचाराधीन असा दुसरा तक्ता येऊ लागला. त्यातील रायगडच्या आजच्या एकूण आकड्यातून कालचा वजा केला की नवे १४० मिळाले पाहिजेत. आपल्या तक्त्यात ६० असतील तर फरक ८० चा, आणि तो पनवेलच्या ओळीइतकाच आहे हे पाहताक्षणी कळते. पण ही वजाबाकी दरवेळी जुळतेच असे नाही. रुग्णाच्या पत्त्यावरून राज्य त्याला एका जिल्ह्यातून दुसऱ्यात हलवते, दुबार नोंदी काढून टाकते, आणि मग एकूण आकडा आपोआप सरकतो. अशा वेळी जुन्या ओळी खोडून नव्याने लिहिण्याऐवजी Num Cases मध्ये ऋण संख्या असलेली नवी ओळ लिहिली जाई. त्या जिल्ह्याची बेरीज बरोबर होते आणि दुरुस्ती कोणत्या दिवशी झाली, याचा पुरावाही उरतो. जमाखर्चाच्या वहीत चुकलेली नोंद खोडत नाहीत, तिची उलट नोंद करतात. हा संकेत त्याच जातीचा आहे.

सर्व ओळी अशा रीतीने ताडणे शक्य नसते, तेव्हा नमुना तपासणी करावी लागते. तिचे गणित सोपे आहे. तक्त्यातून यदृच्छेने ६० ओळी निवडल्या, प्रत्येकीचे मूळ पत्रक उघडून पाहिले आणि एकही चूक सापडली नाही, तर चुकांचे खरे प्रमाण शून्य आहे असे सिद्ध होत नाही. प्रमाण ५ टक्के असते तर ६० ओळी निर्दोष निघण्याची शक्यता ०.९५ चा साठावा घात, म्हणजे सुमारे ४.६ टक्के असती. म्हणून आपण सुमारे ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणू शकतो की चुकांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आहे. हीच मर्यादा १ टक्क्यावर आणायची असेल तर निर्दोष ओळी सुमारे ३०० लागतात. निवड मात्र खरोखर यदृच्छेने व्हायला हवी. शिवाय पत्रकाची रचना बदललेले दिवस वेगळे काढून त्यांचा नमुना स्वतंत्र घ्यायला हवा, कारण चुका तेथे दाटीने होतात. तपासणी नेहमी मूळ पत्रकाशी करायची, दुसऱ्या कोणाच्या तक्त्याशी नाही. केंद्राच्या आकड्याशी तुलना केली तर दररोज फरक दिसे, पण केंद्राचा तक्ता ठरावीक वेळी निघत असे आणि स्वयंसेवक राज्यांच्या ताज्या पत्रकांवरून लिहीत. तो फरक बव्हंशी घड्याळाचा होता.

त्याच मार्चमध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पाशी तुलना उद्बोधक ठरेल. रेडिंग विद्यापीठाच्या ‘रेनफॉल रेस्क्यू’मध्ये सुमारे १६ हजार स्वयंसेवकांनी पर्जन्यमानाची ६५ हजारांहून अधिक जुनी हस्तलिखित पाने १६ दिवसांत उतरवली. तेथे एकच मजकूर वेगवेगळ्या लोकांना स्वतंत्रपणे दाखवून त्यांची उत्तरे ताडली गेली, आणि पानावरच लिहिलेल्या वार्षिक बेरजेशी बारा महिन्यांची बेरीज जुळते का तेही पाहता आले. पाने जुनी होती, ती बदलणार नव्हती. भारतातील तक्त्याचा स्रोत रोज हलत होता आणि आकडा त्याच रात्री हवा होता. एकच पत्रक अनेकांकडून भरून घेण्याइतकी सवड नव्हती; म्हणून बेरजेच्या कसोट्या, स्रोताचा दुवा आणि तक्ता सर्वांसाठी खुला ठेवल्याने बाहेरच्या वापरकर्त्यांकडून येणाऱ्या तक्रारी यांवर भिस्त ठेवावी लागली.

जुळलेला हिशेब आणि खरी संख्या

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने १,४०९ मृत्यू जाहीर केले. त्यांपैकी ८१ नवे होते. उरलेले १,३२८ आधीच्या काळातील, नोंदी ताळ्यावर आणताना समाविष्ट केलेले. त्यांत ८६२ एकट्या मुंबईतील. राज्यातील मृतांची एकूण संख्या ४,१२८ वरून ५,५३७ झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या राष्ट्रीय आकड्यात २,००३ मृत्यूंची भर दिसली. ९ जून २०२१ रोजी बिहारने अशाच पडताळणीनंतर ३,९५१ मृत्यू एकदम वाढवले.

हे तक्त्यात कसे लिहायचे? १,३२८ मृत्यू मागच्या तारखांना वाटून टाकले तर आलेख गुळगुळीत होईल, पण त्या तारखा उतरवणाऱ्याने कल्पिलेल्या असतील. तक्त्यातील तारखेच्या स्तंभाचे नाव Date Announced आहे, म्हणजे जाहीर झाल्याची तारीख. त्या नियमाने सगळे १,४०९ एकाच दिवसाखाली येतात. नोंद अचूक आहे, मात्र तिचा अर्थ ‘त्या दिवशी इतके लोक मरण पावले’ असा नाही. स्तंभाचे नाव न वाचता सात दिवसांची सरासरी काढणाऱ्या विद्यार्थ्याला जूनच्या मध्यावर एक शिखर दिसेल, जे साथीत नव्हते, कागदपत्रांत होते.

भौतिकशास्त्रात मापनाच्या त्रुटींचे दोन प्रकार मानतात. एक यादृच्छिक, जी मापने वाढवली की सरासरीत विरत जाते; दुसरी पद्धतशीर, जी कितीही मापने घेतली तरी तशीच राहते. राज्यवार वाटणी, संकेत, मागोवा आणि नमुना तपासणी यांनी या तक्त्यातील पहिल्या प्रकारची त्रुटी खूप कमी झाली. दुसऱ्या प्रकारच्या त्रुटीवर त्यांचा काहीच अंमल नव्हता. ज्याची चाचणी झाली नाही, ज्याचा मृत्यू कोणत्याच पत्रकात आला नाही, त्याची ओळ कितीही काळजीपूर्वक काम करणाऱ्या स्वयंसेवकाला लिहिता येत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात साथीशी निगडित सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. त्याच काळातील अधिकृत नोंद सुमारे ४ लाख ८१ हजारांची होती. भारत सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. हा वाद या तक्त्याने सुटत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये.

तक्ता एवढेच सांगतो की कोणत्या दिवशी, कोणत्या राज्याने, कोणत्या जिल्ह्याबद्दल काय जाहीर केले. हा मर्यादित दावा तो आजही पेलू शकतो, कारण बहुतेक ओळींशेजारी स्रोताचा दुवा आहे, दुरुस्त्या ऋण संख्यांच्या रूपात शिल्लक आहेत आणि न कळलेल्या गोष्टी Unknown या नावाने नोंदलेल्या आहेत. यातील कच्चा दुवा मात्र दुव्यांचाच आहे. राज्यांच्या संकेतस्थळांवरील पत्रके हलवली जातात, समाजमाध्यमावरील छायाचित्रे नाहीशी होतात, आणि मग ओळ उरते पण ती ताडून पाहता येत नाही. असे काम पुन्हा कोणी हाती घेणार असेल, तर पत्रकाचा केवळ पत्ता न लिहिता त्याची प्रत त्याच दिवशी, त्या ओळीचा क्रमांक देऊन जतन करणे, हा पहिल्या दिवसापासूनचा संकेत असावा.